किंमत, भाव, फी, भाडं, आकार की हप्ता? बोर्ड आणि पावत्या छापणाऱ्याला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लातुरात माझं डीटीपी आणि छपाईचं दुकान आहे. पावतीपुस्तकं, दरफलक, क्लासची माहितीपत्रकं, मंगल कार्यालयाचे करारनामे असं सगळं इथे छापतो. गिऱ्हाईक मजकूर सांगताना एका ठिकाणी हमखास अडतं. "इथं काय लिहायचं हो, चार्ज का फी?" फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. या सगळ्या शब्दांत फरक नेमका काय? थोडक्यात सांगा.

पैसे कशाबद्दल घेताय ते आधी ठरवा, शब्द आपोआप सापडतो. वस्तू कायमची गिऱ्हाइकाच्या घरी जाते, तिथे किंमत. वस्तू, जागा किंवा गाडी वापरून परत येते, किंवा माणूस-माल एका ठिकाणाहून दुसरीकडे नेला जातो, तिथे भाडं. एखाद्याचं ज्ञान, शिकवणं, तपासणं किंवा परवानगी मिळते, तिथे फी किंवा शुल्क. मुख्य कामाच्या हिशोबात जे एकेक करून लावलं जातं, तो आकार; त्यालाच आपण बोलताना चार्ज म्हणतो. असे सगळे दर एका कागदावर मांडले की दरपत्रक, म्हणजे टॅरिफ. आणि पुढे नुकसान झालं तर भरून देण्याची हमी विकत घेतली, तर तो विम्याचा हप्ता, म्हणजे प्रीमियम.

घोळ होतो तो एकाच व्यवहारात यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र येतात तेव्हा. खालचे बहुतेक प्रश्न त्यातूनच आले आहेत.

२. किंमत, भाव आणि दर एकच ना? बोर्डवर कोणताही चालेल?

मोंढ्यात उभं राहून ऐका, फरक लगेच कळतो. सोयाबीनचा भाव निघतो, भाव चढतो, भाव पडतो. भाव रोज बदलतो आणि तो सौद्यात ठरतो. किंमत ठरलेली, छापलेली असते. सोयाबीनचा भाव सकाळी एक आणि दुपारी दुसरा असू शकतो, पण बियाण्याच्या पिशवीवर किंमत छापलेली असते. दर म्हणजे एका मापाला किती: क्विंटलला, किलोला, युनिटला, एकराला, ताटाला.

म्हणून सेवेच्या बोर्डवर बहुतेक वेळा "दर" हाच शब्द बसतो. "झेरॉक्स दर", "दाढी-कटिंगचे दर", "लॅमिनेशनचे दर". "कटिंगची किंमत" असं कुणी म्हणत नाही, कारण कटिंग पिशवीत घालून घरी नेता येत नाही.

एक गंमत मात्र आहे. सरकारी कागदावर "किमान आधारभूत किंमत" असं असतं आणि अख्खा मराठवाडा त्याला हमीभाव म्हणतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनची ही किंमत क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाली. ती सरकारने ठरवलेली आणि हंगामभर न बदलणारी आहे, त्यामुळे "किंमत" हा शब्द नियमाला धरून आहे. पण शेतकऱ्याच्या तोंडी तो भावच आहे, कारण तुलना रोजच्या भावाशी होते. पत्रकात "हमीभाव" छापा, अर्जात "आधारभूत किंमत" लिहा.

३. दवाखान्याच्या आणि क्लासच्या पावतीवर फी लिहू की शुल्क? आमच्याकडे तर सगळे फीस म्हणतात.

अर्थ एकच, पेहराव वेगळा. शुल्क हा कचेरीचा शब्द: परीक्षा शुल्क, प्रवेश शुल्क, अर्ज शुल्क. फी हा रोजचा शब्द: तपासणी फी, क्लासची फी, वकिलाची फी. खासगी दवाखान्याच्या पावतीवर "तपासणी शुल्क" लिहिलं तर चूक नाही, पण वाचणाऱ्याला थोडं परकं वाटतं. कॉलेजच्या पावतीवर शुल्कच ठेवा, कारण त्यांचे सगळे अर्ज त्याच भाषेत असतात.

"फीस" ही आपल्याकडची बोली आहे आणि बोलताना ती झकास आहे. छापताना मी "फी" करतो. एकदा एका सरांनी हट्टाने "फिस" असं ऱ्हस्व छापून घेतलं आणि पोरांनी त्या पत्रकाचं जे केलं ते इथे लिहीत नाही.

फीचा एक गुण लक्षात ठेवा. ती काम किंवा प्रयत्नाची असते, निकालाची नसते. ताप उतरला नाही म्हणून तपासणी फी परत मिळत नाही. त्यामुळेच क्लासवाल्याने पत्रकात "यशाची किंमत" वगैरे लिहायला सांगितलं की मी समजावतो. किंमत म्हटलं की समोरचा माल मागतो.

४. खोलीचं भाडं लिहू की किराया?

"रूम किरायाने देणे आहे" ही पाटी लातुरात ट्यूशनच्या भागात गल्लोगल्ली दिसेल. हैदराबाद संस्थानात काही पिढ्या गेलेल्या या भागात किराया हा शब्द घरचाच आहे. पाटीवर तो जरूर लिहा, कारण वाचणारे बीडचे, हिंगोलीचे, नांदेडचे असतात आणि त्यांना तोच सरळ वाटतो. करारनाम्यात मात्र "भाडे" लिहा, कारण कायद्याची मराठी तीच आहे. करारही "भाडेकरार" असतो.

आणखी एक जपायला हवं. होस्टेलवाले बऱ्याचदा खोली, जेवण आणि अभ्यासिका तिन्ही मिळून "फी" म्हणून घेतात. पोरगं दोन महिन्यांत घरी गेलं की भांडण सुरू होतं: पालकांच्या मते भाडं राहिलेल्या दिवसांचंच द्यायचं, मालकाच्या मते फी वर्षाची असते. दोघंही आपापल्या शब्दापुरते बरोबर असतात. म्हणून पावतीवर तीन ओळी करा: खोलीभाडे, दरमहा; खानावळ, दरमहा; अभ्यासिका फी, वर्षाची किंवा सहामाही. कोणती ओळ परत मिळते आणि कोणती नाही, ते ओळीसमोरच लिहा.

५. एसटीच्या तिकिटाला भाडं म्हणायचं, तिकीट दर म्हणायचं की चार्ज?

प्रवाशाने दिलेले पैसे म्हणजे प्रवासभाडं. ते ज्या हिशोबाने निघतं तो भाड्याचा दर. एसटीत हा हिशोब टप्प्याने होतो आणि एक टप्पा ६ किलोमीटरचा असतो. ४० किलोमीटरच्या गावाला सहा टप्पे पुरत नाहीत, म्हणून सात टप्प्यांचं भाडं लागतं. बातमीत "एसटीची भाडेवाढ" असं येतं ते या टप्प्याच्या दरातल्या वाढीबद्दल. २५ जानेवारी २०२५ पासून लागू झालेली वाढ १४.९५ टक्के होती.

महिलांना मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सूट आहे. ती भाड्यातली सवलत आहे, भाडं निम्मं झालेलं नाही. शब्दाचा काथ्याकूट वाटेल, पण उरलेली रक्कम सरकार महामंडळाला देतं, म्हणजे भाडं पूर्णच धरलं जातं, फक्त देणारे दोघं.

खासगी बसवाले सणाला "सीझन चार्ज" लावतात. नाव काहीही दिलं तरी ते भाडंच. २०१८ च्या शासन निर्णयाने त्याला एसटीच्या भाड्याच्या दीडपटीची मर्यादा घातली आहे. ही मर्यादा सगळी मिळून असते, त्यामुळे वाढीव रकमेला वेगळं नाव दिलं म्हणून ती त्यातून सुटत नाही.

रिक्षावाल्याचं भाडं आणखी वेगळं. "आज दोनच भाडी मिळाली" म्हणजे दोन फेऱ्या. बोलीत भाडं म्हणजे प्रवासी, फेरी आणि पैसे, तिन्ही.

६. लाइट बिलावर आकार, आकार, आकार असंच लिहिलेलं असतं. आकार म्हणजे काय?

घरगुती बिल समोर घ्या आणि वरून खाली बोट फिरवत या.

पहिली ओळ स्थिर आकार. महिनाभर कुलूप लावून गावाला गेलात, एक युनिट जळलं नाही, तरी ही ओळ येते. हे पैसे जोडणी चालू ठेवण्याचे आहेत. मग वीज आकार: जितकी युनिटं जळली तितके पैसे, आणि वापर वाढेल तसा वरच्या युनिटांचा दर चढत जातो. मग वहन आकार: वीज तारांवरून तुमच्या मीटरपर्यंत आणण्याचे पैसे, हेही युनिटावर. मग इंधन समायोजन आकार: कोळसा किंवा बाहेरून घेतलेली वीज महाग पडली की तो फरक इथे येतो. म्हणून ही ओळ कधी असते, कधी नसते, कधी वजाही असते.

चारही ओळी मिळून सेवा एकच, पण तिचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळे लावले आहेत. आकार म्हणजे हेच. पैसे आकारले जातात, म्हणून आकार. हा शब्द "किंमत"पेक्षा अचूक आहे, कारण "विजेची किंमत" म्हटलं तर फक्त दुसरी ओळ डोळ्यांसमोर येते आणि रिकाम्या घराला बिल का आलं याचं उत्तर मिळत नाही.

तुम्ही स्वतः पावतीत आकार लिहिणार असाल तर दोन गोष्टी पाळा. तो कशाचा ते नाव द्या, आणि तो कशावर मोजला ते लिहा: युनिटावर, तासावर, किलोमीटरवर की एकरकमी. नुसतं "इतर आकार" लिहिलं की गिऱ्हाईक तिथेच बोट ठेवतं.

७. त्याच बिलात पुढे वीज शुल्क आहे. आकार भरला, मग शुल्क कशाचं?

हा प्रश्न विचारणारा बिल नीट वाचतो असं मी समजतो. घरगुती ग्राहकाचं वीज शुल्क वरच्या आकारांच्या बेरजेवर १६ टक्के असतं. चार ओळींची बेरीज १,००० रुपये झाली, तर वीज शुल्क १६० रुपये. हे पैसे वीज कंपनी गोळा करते, पण ते जातात राज्य सरकारकडे. त्याबदल्यात तुम्हाला वेगळी सेवा मिळत नाही. नाव शुल्क असलं तरी हा कर आहे.

इथे मराठीचीच अडचण आहे. फीलाही आपण शुल्क म्हणतो आणि ड्यूटी नावाच्या करालाही शुल्कच. परीक्षा शुल्क ही फी. मुद्रांक शुल्क, उत्पादन शुल्क, सीमाशुल्क, वीज शुल्क हे कर. जमिनीच्या खरेदीखताला जाल तेव्हा दोन्ही शेजारी दिसतात: मुद्रांक शुल्क हा कर, आणि दस्त नोंदवून जपून ठेवण्याची ती नोंदणी फी.

कर आणि फी यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठाच्या खटल्यात स्पष्ट केला. कर सगळ्यांच्या कामासाठी सक्तीने घेतात, फी एखाद्या सेवेच्या बदल्यात घेतात. नंतरच्या निकालांनी हे थोडं सैल केलं. सेवा आणि रक्कम पैशाला पैसा जुळलीच पाहिजे असं नाही, पण दोन्हींचा काही संबंध दिसला पाहिजे. आपल्या मोंढ्यात याचं चालतं उदाहरण बाजार फी आहे. ती बाजार समिती घेते, आणि समितीने बदल्यात ओटे, शेड, काटे, लिलाव यांची व्यवस्था ठेवायची असते. १९६३ च्या राज्याच्या पणन कायद्यात ही फी खरेदीदाराकडून घ्यायची आहे. तुमच्या पट्टीत हमाली, तोलाई या ओळी दिसतील, ते कामाचे पैसे आहेत. पण "बाजार फी" म्हणून विकणाऱ्या शेतकऱ्याची रक्कम कापलेली दिसली, तर पट्टी जपून ठेवा आणि समितीच्या कचेरीत विचारा.

८. मंगल कार्यालयाच्या पावतीवर "डिपॉझिट चार्ज" लिहिलं तर चालेल का?

नाही. या दोन शब्दांवरून झालेलं एक भांडण माझ्या काउंटरवर येऊन संपलं, म्हणून सविस्तर सांगतो.

आमच्या नात्यातलं लग्न होतं. कार्यालयाच्या पावतीवर दोनच ओळी होत्या: "फी ४५,०००" आणि "डिपॉझिट चार्ज १०,०००". लग्न झालं, नवरीचे मामा दहा हजार परत आणायला गेले. मॅनेजर म्हणाला, "मामा, चार्ज लिहिलाय बघा, चार्ज कुठं परत मिळतो?" मामा म्हणाले, "अन् डिपॉझिट लिहिलंय ते काय गंमत म्हणून?" डिपॉझिट म्हणजे अनामत, जी परत द्यायची असते. चार्ज म्हणजे आकार, जो परत मिळत नाही. एकाच ओळीत दोन्ही शब्द घातल्यावर दोघांनी आपापल्या सोयीचा वाचला. शेवटी पाच हजारावर तडजोड झाली आणि मामा अजून त्या रस्त्याने जाताना तोंड फिरवतात.

पुढच्या सीझनला तेच मालक नवं पावतीपुस्तक छापायला माझ्याकडे आले. मी मजकूर असा करून दिला. सभागृह भाडे, सकाळी ६ ते रात्री १०: ३५,०००. भांडी व गाद्यांचे भाडे: ४,०००. साफसफाई आकार, एकरकमी: २,५००. वीज आकार, मीटरप्रमाणे युनिटमागे १५ रुपये. आणि खाली रेघ मारून, बेरजेच्या बाहेर, अनामत: १०,०००, मोडतोड व जादा वेळ वजा करून तीन दिवसांत परत.

पहिल्याच लग्नात मीटर २१० युनिट फिरलं, म्हणजे वीज आकार ३,१५०. बेरीज ४४,६५०. जुन्या पंचेचाळीस हजारांच्या जवळपास तीच रक्कम, पण प्रत्येक रुपया कशाचा ते कळतं. भाड्याला वेळ जोडलेली आहे, म्हणून रात्री बारापर्यंत बसलात तर जादा भाडं मागता येतं. फी लिहिली असती तर ते मागता आलं नसतं.

अनामत बेरजेत मिसळू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. ती तुमची कमाई नाही, समोरच्याचे ठेवलेले पैसे आहेत. वीज कंपनीही सुरक्षा ठेव वेगळी दाखवते आणि तिच्यावर व्याज देते.

९. टॅरिफ म्हणजे दरपत्रक म्हणता, मग बातम्यांत अमेरिकेचा टॅरिफ म्हणतात तो काय?

मूळ अर्थ एकच: दरांची यादी. मोबाईल कंपनीचा टॅरिफ म्हणजे त्यांच्या प्लॅनचे दर. विजेचा टॅरिफ म्हणजे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने मंजूर केलेले दर. प्रश्न ६ मधल्या ओळींचे आकडे तिथूनच येतात, कंपनीला ते मनाने बदलता येत नाहीत. लॉजच्या काउंटरवरचा टॅरिफ म्हणजे खोल्यांचं दरपत्रक. देशाच्या बंदरावर कोणत्या मालाला किती कर याचीही अशीच यादी असते, आणि बोलता बोलता त्या करालाच टॅरिफ म्हणू लागले. मराठीत त्याला आयात शुल्क म्हणा, म्हणजे प्रश्न ७ मधला कर.

अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारताच्या बऱ्याच मालावर ५० टक्के लावलं, ते त्यांचं आयात शुल्क. त्याच महिन्यात आपल्या सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरीपर्यंत थांबवलं. परभणी-जालन्याच्या कापूसवाल्यांना शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही, बाहेरचा कापूस स्वस्त झाल्याची झळ भावातच दिसणार होती.

म्हणून तुमच्या लॉजच्या बोर्डवर "दरपत्रक" लिहा. "टॅरिफ" लिहिलं तर हल्ली लोक ट्रम्पचं नाव काढतात.

१०. पीक विम्याचा प्रीमियम म्हणजे मी भरलेले पैसे ना?

पूर्ण प्रीमियम नाही, त्यातला तुमचा वाटा. ही गल्लत फार खोलवर आहे.

समजा, सोयाबीनची हेक्टरी विमा रक्कम ५०,००० रुपये आहे. विमा कंपनीने त्या जिल्ह्याची जोखीम बघून १४ टक्के दर लावला. तर हेक्टरी प्रीमियम झाला ७,०००. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खरिपाच्या पिकाला शेतकऱ्याचा वाटा विमा रकमेच्या २ टक्के असतो, म्हणजे १,०००. उरलेले ६,००० केंद्र आणि राज्य मिळून कंपनीला देतात. रब्बीला तुमचा वाटा दीड टक्का, आणि कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्के. चौदा टक्के आणि पन्नास हजार हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, तुमच्या पावतीवरचे वेगळे असतील.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, कोरडवाहू जिल्ह्यात जोखीम जास्त, त्यामुळे प्रीमियमचा दर जास्त, पण तुमचा वाटा तेवढाच राहतो. दुसरी, काहीच नुकसान झालं नाही तर हप्ता परत मिळत नाही. तो बचतीचा पैसा नाही. वर्षभराच्या हमीसाठी दिला आणि हमी संपली.

मराठीत प्रीमियमला "हप्ता" म्हणतात आणि त्यातूनही गोंधळ होतो. ट्रॅक्टरच्या कर्जाचाही हप्ताच, आणि गल्लीतला दादा मागतो तोही हप्ताच. कर्जाचा हप्ता म्हणजे घेतलेल्या पैशाचा तुकडा, तो भरत गेलात की कर्ज कमी होतं. विम्याचा हप्ता भरून काहीच कमी होत नाही. म्हणून लिहिताना नेहमी "विमा हप्ता" असं पूर्ण लिहा आणि कर्जाला "कर्जाचा हप्ता".

११. एक रुपयात विमा होता तेव्हा आमच्याकडून शंभर रुपये घेतले. ते कशाचे?

२०२३ च्या खरिपापासून काही हंगाम राज्य सरकारने शेतकऱ्याचा वाटा स्वतः भरला आणि शेतकऱ्याकडून अर्जामागे फक्त एक रुपया घेतला. म्हणजे तुमचा विमा हप्ता एक रुपया. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाला त्याच्या कामाचे ४० रुपये विमा कंपनीकडून मिळत होते. त्यामुळे तुमच्याकडून वर काही घ्यायची सोय नव्हती. त्या शंभराला "फॉर्म फी" म्हणा, "सर्व्हिस चार्ज" म्हणा, शब्द बदलून ते रास्त होत नाहीत. सातबारा किंवा आठ-अ वेगळा काढून दिला असेल तर त्याचे पैसे वेगळे, पण मग पावतीवर तसं असायला हवं.

२०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची सोय बंद झाली आणि प्रश्न १० मधला २, दीड, ५ टक्क्यांचा वाटा पुन्हा आला. पावती हातात आली की दोन आकडे शोधा: विमा रक्कम आणि शेतकरी हिस्सा. दुसऱ्याला पहिल्याने भागून शंभराने गुणा. सोयाबीनला दोनच्या वर काही आलं तर तिथल्या तिथे विचारा.

१२. माझा ट्रॅक्टर आहे. नांगरटीचं बिल करताना भाडं लिहू का?

ट्रॅक्टर, डिझेल आणि ड्रायव्हर तुमचा, आणि शेतकऱ्याला नांगरलेलं शेत मिळतं, तर ते भाडं नाही. लिहा: "नांगरट, एकरी दर अमुक, एकर तमुक." रोटाव्हेटरचंही तसंच. शेतकरी तुमची ट्रॉली दोन दिवसांसाठी घेऊन गेला आणि परत आणून लावली, तर ते ट्रॉलीभाडं, दिवसावर. शेत दगडी निघालं आणि वेळ दुप्पट लागला, तर एकरी दरात नुकसान तुमचं, तासाच्या दरात शेतकऱ्याचं. शब्द ठरवताना हा धोका कुणाचा तेही ठरतं.

सोयाबीन काढणीचं गुत्तं द्यायचं असेल तर "गुत्तं" हाच शब्द लिहा, मी मुद्दाम तसाच छापतो. "मजुरी" लिहिली की दिवसावर हिशोब धरला जातो, गुत्तं म्हटलं की पूर्ण काम एकरावर.

१३. हॉटेलात वीस रुपयांची बाटली तीसला देतात. किंमत तर छापलेली असते ना?

दोन प्रसंग वेगळे आहेत. बस स्टँडवरच्या टपरीवर "थंड करायचा चार्ज" म्हणून दोन रुपये जास्त मागितले, तर ते चालत नाही. छापील कमाल किरकोळ किंमत सगळे कर धरून असते आणि विकणाऱ्याला तिच्या वर जाता येत नाही. टेबल-खुर्चीवर बसवून वाढणाऱ्या हॉटेलचं मात्र वेगळं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तिथे फक्त वस्तूची विक्री नसते, जागा आणि सेवाही असते, म्हणून छापील किमतीचं बंधन लागत नाही. मेन्यू कार्डवरचा दर आधी बघा, हा त्यावरचा साधा उपाय.

बिलाच्या शेवटी "सर्व्हिस चार्ज" आला तर तो ऐच्छिक आहे, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचना तशाच आहेत. तो काढायला सांगता येतो. जीएसटी हा कर आहे, तो काढता येत नाही.

१४. इनामी जमिनीच्या कागदात "अधिमूल्य" आलंय. तेही प्रीमियमच?

हो, पण विम्याचा नाही. भोगवटादार वर्ग दोनची जमीन वर्ग एक करताना सरकारला जी रक्कम द्यावी लागते, तिला अधिमूल्य किंवा नजराणा म्हणतात, आणि वकील मंडळी बोलताना प्रीमियम म्हणतात. मराठवाड्यात निजामाच्या काळच्या इनामी, मदतमाश जमिनी खूप, त्यामुळे हा शब्द इथे वरचेवर ऐकू येतो. विकायची बंधनं उठवण्याची ती रक्कम आहे. अर्जात "नजराणा" लिहा, तलाठ्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांना तो लगेच कळतो.

१५. भटजी, कीर्तनकार, व्याख्याते यांच्या पावतीवर काय?

भटजींना दक्षिणा, कीर्तनकारांना आणि गायक-वादकांना बिदागी, व्याख्यात्यांना मानधन. हिशोबाच्या वहीत "प्रवासखर्च व मानधन" अशा दोन ओळी करा. "कीर्तनाचा रेट" बोलण्यात असतो, पत्रिकेत नको.

१६. शब्द ठरला, पण वाक्यात चुकतो. "शुल्क भरली" का "भरले"?

शुल्क भरले, भाडे भरले, मानधन दिले. फी भरली, किंमत मोजली, अनामत ठेवली. दर ठरला, आकार लावला, हप्ता भरला, भाव निघाला.

क्रियापद लावून शब्दही तपासता येतो. "शुल्क आकारले जाईल" कानाला नीट लागतं, "भाव आकारला जाईल" लागत नाही, कारण भाव कुणी आकारत नाही, तो निघतो. किंमत मोजतात, भाडं थकतं, हप्ता चुकतो. तुमच्या शब्दासोबत यातलं कोणतंच क्रियापद बसत नसेल तर शब्द पुन्हा बघा. आणि "मोबाईल चार्जिंग चार्ज १० रु." ही पाटी आणणाऱ्यांना मी अजून "मोबाईल चार्जिंग १० रु." एवढंच करून देतो, एका शब्दाचे पैसे वाचतात.